डबा टीव्ही आणि जुना व्हिडिओ गेम : पिन बसली तरी चित्र का येत नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिन्यात भाचा ब्रिटनमधल्या स्विंडनहून गोव्यात पेडण्याला आला, तो बॅगेत सेगाचा मेगा ड्राइव्ह घेऊनच. तिकडच्या सेकंडहँड दुकानातला, पहिल्या पिढीचा. सोबत दोन केबल होत्या : एक अँटेनाची, दुसरी रुंद चपट्या तोंडाची, एकवीस पिनांची. ती दुसरी म्हणजे स्कार्ट. आमच्या घरी अजून दोन डबा टीव्ही चालू आहेत. एक भावोजींनी शारजाहून आणलेला 21 इंची, दुसरा डीव्हीडीच्या दिवसांत घेतलेला 29 इंची, सपाट काचेचा. चार संध्याकाळी आम्ही हा गेम दोन्ही टीव्हींना सगळ्या वाटांनी जोडून बघितला. गोष्ट डिचोलीपर्यंत गेली आणि फोन सुरू झाले. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

सुरुवात कुठून करायची?

टीव्हीच्या पाठीमागून. नुसतं अँटेनाचं गोल भोक असेल तर तुमची वाट आरएफची. पिवळं, पांढरं आणि लाल भोक असेल तर कॉम्पोझिट, म्हणजे आपण ज्याला एव्ही म्हणतो ते. त्याशिवाय हिरवं, निळं आणि लाल अशी आणखी तीन असतील तर तुम्ही नशीबवान, का ते पुढे येईल. स्कार्टचं भोक गोव्यातल्या टीव्हीला जवळजवळ सापडतच नाही. ती युरोपची रीत. फ्रान्समध्ये सुरू झाली आणि तिथे 1980 पासून नव्या टीव्हीला सक्तीची झाली.

पण पिन भोकात बसणं ही चार गोष्टींपैकी फक्त पहिली. दुसरी, चित्र सेकंदाला 50 वेळा येतंय की 60 वेळा. तिसरी, रंग कुठल्या पद्धतीने पाठवलाय, पालने की एनटीएससीने. चौथी फक्त आरएफला लागू : आवाज चित्रापासून किती अंतरावर ठेवलाय. गंमत अशी की यातलं काय चुकलं ते टीव्ही स्वतःच सांगतो. चित्र वर-खाली पळत असेल तर वेग जुळलेला नाही. चित्र स्थिर पण काळं-पांढरं असेल तर रंगाची पद्धत वेगळी. चित्र उत्तम आणि आवाजाच्या जागी नुसती फसफस असेल तर आवाजाचं अंतर चुकलंय. आणि काहीच नसेल तर बहुतेक वेळा भोक तरी चुकीचं असतं, नाहीतर चॅनेल.

अँटेनाची केबल लावली, गेम चालू केला, पण टीव्हीवर मुंग्याच मुंग्या.

आरएफ म्हणजे गेमच्या डब्यात बसवलेलं इवलंसं दूरदर्शन केंद्र. ते एका ठरलेल्या चॅनेलवर बोलतं आणि तो चॅनेल तुम्हाला शोधावा लागतो. ब्रिटनमधले गेम साधारण यूएचएफच्या 36 नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे 591.25 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. आपल्याकडे कॅसेटचे जे क्लोन गेम मिळायचे ते बहुतेक व्हीएचएफच्या खालच्या टोकाला, आणि चॅनेल बदलायचं बारकं बटण मागे किंवा पोटाखाली. म्हणजे ब्रिटनच्या गेमला वरच्या पट्ट्यात शोधायचं, क्लोनला खालच्या.

आधी कॅसेट घालून गेम चालू करा, मगच शोध सुरू करा. रिकाम्या गेममधून काळा पडदा आला तर तो सापडला हेच कळत नाही. रिमोटचा टीव्ही असेल तर आपोआप शोध लावून द्या. त्याहून जुन्या टीव्हीत झाकणाखाली छोट्या चकत्यांची रांग असते आणि प्रत्येक चकतीजवळ पट्टा निवडायची खिट्टी. ती U वर ठेवा आणि चकती अगदी सावकाश फिरवा, कारण 36 नंबरचा चॅनेल पाव वळशात येऊन निघून जातो. मेनूत BLUE BACK असेल तर तो बंद करा; सिग्नल जरा कमजोर वाटला की टीव्ही चित्रावर निळा पडदा ओढतो आणि तुम्हाला वाटतं, काहीच येत नाही. फार जुन्या टीव्हीचा ट्यूनर फक्त व्हीएचएफचा असतो. तिथे ब्रिटनचा गेम कधीच सापडणार नाही, चकती कितीही फिरवा.

चित्र स्वच्छ आलं. आवाज मात्र फस्स...

आमचंही पहिल्या संध्याकाळी हेच झालं, आणि भाच्याला वाटलं गेम बिघडलेलाच घेतला. बिघाड काही नव्हता. भारतात आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून 5.5 मेगाहर्ट्झवर असायची, ब्रिटनमध्ये 6 वर. टीव्ही 5.5 वर कान लावून बसलेला आणि गेम 6 वर बोलतोय, तर ऐकू येणार कसं? शारजाच्या टीव्हीच्या मेनूत SYSTEM नावाची ओळ होती, तिथे B/G होतं. ते I केलं आणि संगीत सुरू झालं.

आखातातून किंवा शिपवरून आलेल्या टीव्हींची खरी किंमत इथे कळते. त्या बाजारात नाना देशांची माणसं, म्हणून टीव्हीही सगळ्या बोली समजणारे. इथे विकत घेतलेल्या बऱ्याच टीव्हींना फक्त B/G कळतं. त्यावर काही फिरवून उपयोग नाही, चकती अर्धवट ठेवली की आवाजही खरखरतो आणि चित्रही बिघडतं. पण पहिल्या मेगा ड्राइव्हला पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक आणि आवाजाची सरकपट्टी असते. तिथून तार काढून कॉम्प्युटरच्या स्पीकरला द्या. चित्र अँटेनाच्या वाटेने, आवाज या वाटेने. शिवाय तो स्टीरिओ असतो. या गेमच्या मागच्या एव्हीच्या भोकातून एकेरीच आवाज निघतो.

पोर्तुगालमध्ये टीव्हीची पद्धत आपल्यासारखीच होती, B/G. त्यामुळे लिस्बनच्या मावशीने पाठवलेला, तिथल्या बाजारासाठी बनलेला गेम इथे पहिल्याच झटक्यात बोलतो आणि स्विंडनच्या मामाचा फसफसतो. पासपोर्ट दोघांचाही पोर्तुगालचाच असला तरी.

जपानचा फॅमिकॉम मिळालाय. तो कसा लावू?

थांबा, आधी अडॅप्टर बघा. जपानी अडॅप्टर 100 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगात घातलात तर तो जातो, आणि कधी कधी गेमलाही घेऊन जातो. इथल्या विजेवर चालणारा, तितक्याच डीसी व्होल्टचा आणि पिनेची उलट-सुलट बाजू जुळणारा अडॅप्टर घ्या. गेमवर किंवा मूळ अडॅप्टरवर बारीक चित्र असतं, त्यात मधली पिन उणे की अधिक ते दिलेलं असतं. सवयीने मधली पिन अधिक धरू नका, जुन्या गेममध्ये ती बऱ्याचदा उणे असते.

मूळ फॅमिकॉममधून फक्त आरएफ निघतं, तेही 91.25 किंवा 97.25 मेगाहर्ट्झवर. हा झाला आपल्याकडचा एफएम रेडिओचा पट्टा; इथल्या ठरलेल्या टीव्ही चॅनेलांच्या बरोबर मधल्या पोकळीत. केबलच्या काळातले ट्यूनर ही पोकळीही चाळतात, त्यामुळे चित्र सापडू शकतं. आवाज 4.5 वर असतो, म्हणून मेनूत M हवं. रंग एनटीएससी. एवढं सगळं एका टीव्हीत जुळणं म्हणजे पुन्हा आखाती टीव्हीच. 1993 साली आलेल्या दुसऱ्या फॅमिकॉमला एव्ही आहे. तो मिळत असेल तर या भानगडीत पडूच नका.

एव्ही लावलं, चित्र येतं, पण काळं-पांढरं. केबल खराब?

बहुधा नाही. गेम एनटीएससीत रंग पाठवतोय आणि टीव्ही पालचा आहे. दोघांच्या रंगाची लहर वेगवेगळ्या ठिकाणी असते, 3.58 आणि 4.43 मेगाहर्ट्झ. टीव्हीला रंगाची खूण सापडली नाही की तो रंग बंद करतो आणि निमूटपणे काळं-पांढरं दाखवतो. मेनूत COLOR SYSTEM शोधा. AUTO वर रंग येत नसेल तर हाताने NTSC 3.58 निवडा. ही ओळ फक्त एव्हीवर असताना उघडणारे टीव्हीही आहेत, तेव्हा आधी एव्हीवर जा, मग मेनू दाबा.

चित्र पळत असेल तर गोष्ट निराळी. तिथे 50 आणि 60 चा झगडा आहे. आडव्या रेषांचा वेग दोन्ही पद्धतींत जवळपास सारखा असतो, 15,625 आणि 15,734, त्यामुळे चित्र तिरकं फाटत नाही, फक्त फिल्मच्या पट्टीसारखं वर किंवा खाली सरकत राहतं. जुन्या टीव्हीच्या मागे V-HOLD असं बटण असतं. ते थोडं फिरवलं की चित्र थांबतं. पण वरून-खालून ताणलेलं किंवा दबलेलं दिसेल, ते V-SIZE ने सावरा.

युरोपचा गेम संथ वाटतो.

संथच आहे तो. 60 साठी लिहिलेला गेम नुसता 50 वर चालवला तर सहाव्या हिश्शाने मागे पडतो, संगीतासकट. आमच्याकडच्या क्लोनवर लहानपणी तेच ऐकलेलं, त्यामुळे मला जपानी वेगच घाईचा वाटतो.

पिवळ्याचं आणि लाल-पांढऱ्याचं काही खास?

फार नाही. AV IN आणि AV OUT यांत गल्लत करू नका. निम्मे फोन याच एका चुकीचे असतात. पुढच्या आणि मागच्या भोकांत दोन यंत्रं एकाच वेळी लावू नका, कारण बऱ्याच टीव्हीत ती आतून जोडलेली असतात आणि चित्र फिकट पडतं. टीव्हीला पांढरं एकच भोक असेल आणि गेमचा आवाज स्टीरिओ, तर नुसती पांढरी पिन लावून अर्धा आवाज हरवतो. दोन्ही आवाज एकत्र करायची केबल लावा.

कॉम्पोझिटमध्ये प्रकाश आणि रंग एकाच तारेतून जातात, म्हणून बारीक जाळीदार भागावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते आणि रंगांच्या कडांवरून ठिपके सरपटतात. मेगा ड्राइव्हमध्ये हे जरा जास्तच. पण त्या गेमांची चित्रं काढणाऱ्यांनी ठिपक्याशेजारी ठिपका मुद्दाम ठेवलेला असतो, कॉम्पोझिटमध्ये ते विरघळून सावली दिसावी म्हणून. धबधबा पारदर्शक दिसतो तो त्यामुळेच. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आरजीबी लावल्यावर तुमची निराशा होण्याची शक्यता आहे.

आमच्या टीव्हीला एव्हीच नाही. मेकॅनिक म्हणतो, आतून वायर काढून देतो.

नको. यावर मी ठाम आहे. एव्ही नसलेल्या पुष्कळ जुन्या टीव्हीत आतली अर्थ मानलेली बाजू थेट घरच्या विजेला जोडलेली असते. अँटेनाच्या भोकापाशी कंपनीने अलगाव ठेवलेला असतो, म्हणून तिथे हात लावला तरी चालतं. मेकॅनिकने सर्किटवरून नुसती वायर बाहेर काढली तर तो अलगाव गेला, आणि पिवळ्या पिनेच्या बाहेरच्या रिंगणावर 230 व्होल्ट येऊ शकतात. तिथून केबल, केबलमधून गेम, आणि गेममधून मुलाच्या हातातलं कंट्रोलर. वेगळा ट्रान्सफॉर्मर न बसवता हे करणाऱ्याला घरात घेऊ नका.

सोपी वाट म्हणजे जुना व्हीसीआर. त्याला एव्ही आत घ्यायला येतं आणि अँटेनाच्या वाटेने बाहेर द्यायला येतं. गेमची पिवळी पिन व्हीसीआरला, व्हीसीआरची अँटेना केबल टीव्हीला. इथला व्हीसीआर B/G मध्येच बोलतो, त्यामुळे ब्रिटनच्या गेमच्या आवाजाचा प्रश्नही जाताजाता सुटतो. कॅसेट ओढण्याचा भाग मोडलेला असला तरी चालेल. चवथीच्या आधी घरं झाडताना असे व्हीसीआर फुकट मिळतात.

आता स्कार्ट. ती केबल आमच्या काही कामाची आहे का?

असू शकते, पण आधी एक समजून घ्या. स्कार्ट हे तोंडाचं नाव आहे, सिग्नलचं नाही. त्याच एकवीस पिनांतून नुसतं कॉम्पोझिट येऊ शकतं किंवा लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांवर, म्हणजे आरजीबी. बाहेरून दोन्ही केबल सारख्या.

तोंड उघडून बघा, स्क्रू किंवा खाचा असतात. टीव्हीकडच्या तोंडात 20 नंबरच्या पिनेला व्हिडिओ येतो, 6 आणि 2 ला डावा-उजवा आवाज. 15, 11 आणि 7 या पिनांना तारा असतील तर केबल आरजीबीची, आणि त्या मोकळ्या असतील तर कॉम्पोझिटची. नंबर पिनांशेजारी प्लास्टिकवर कोरलेले असतात, भिंगाने दिसतात. भाच्याच्या केबलमध्ये तिन्ही होत्या.

दुकानदाराने स्कार्टचा अडॅप्टर दिला, तो केबलला बसतच नाही.

कारण दोघांनाही बाहेर आलेल्या पिना. बाजारात जास्त मिळतो तो टीव्हीच्या स्कार्ट भोकात घालायचा अडॅप्टर. आपल्याला उलटा हवा : एका बाजूला स्कार्टचं भोक, दुसऱ्या बाजूला पिवळं, पांढरं, लाल. त्यावर छोटी खिट्टी असेल तर ती दोन्हीकडे करून बघा.

असा अडॅप्टर फक्त 20, 6 आणि 2 या पिना बाहेर आणतो. आरजीबीच्या केबलमध्ये 20 नंबरवर काय आहे ते बनवणाऱ्यावर अवलंबून असतं, कारण तिथे ती पिन चित्राचा ताल द्यायला वापरतात. पूर्ण कॉम्पोझिट असेल तर टीव्हीवर रंगीत चित्र येतं. नुसता प्रकाशाचा भाग असेल तर काळं-पांढरं. फक्त ताल असेल तर पडदा काळा, पण मुंग्या नाहीत. आमचं पहिलं निघालं, म्हणून शारजाच्या टीव्हीवर ती युरोपची केबल वीस मिनिटांत चालू झाली. पण खरं सांगायचं तर हे साध्या पिवळ्या पिनेइतकंच चित्र आहे. आरजीबीच्या तीन तारा आत तशाच लोंबकळत राहिल्या.

मग आरजीबीचा फायदा घ्यायचाच असेल तर?

तर हिरवं-निळं-लाल असं कॉम्पोनंट भोक असलेला टीव्ही हवा, आमच्या 29 इंचीसारखा. इथे सगळ्यात महाग पडणारी चूक होते. आरजीबीतही लाल, हिरवा, निळा आहे आणि टीव्हीवरही तेच रंग आहेत, म्हणून लोक सरळ तार जोडतात. टीव्हीच्या त्या हिरव्या भोकाला हिरवा रंग नको असतो. त्याला प्रकाश आणि ताल एकत्र हवा असतो, आणि बाकीच्या दोघांना रंगांतला फरक. सरळ जोडल्यावर पडदा काळा राहतो किंवा फाटकं चित्र पळतं. नुसत्या तारेची अशी केबल कोणी विकत असेल तर घेऊ नका.

मध्ये आरजीबीतून कॉम्पोनंट करणारी पेटी लागते, स्वतःची वीज घेणारी. स्कार्ट तिच्यात, तिच्यातून तीन तारा टीव्हीला, आवाज वेगळा. टीव्हीवर COMPONENT किंवा DVD निवडा. घेताना पेटी एचडीएमआयची नाही ना हे बघा. ती डबा टीव्हीच्या काही उपयोगाची नाही. आणि जपानी एकवीस पिनांची केबल यात घालू नका. तोंड हुबेहूब तेच, आतली जोडणी वेगळी.

चौथ्या संध्याकाळी हे लावलं तेव्हा अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आल्या आणि इंद्रधनुष्य गेलं. मोठा फायदा वेगळाच : या वाटेत पाल नाही, एनटीएससी नाही, रंग सरळ पोचतो. टीव्ही 60 धरत असेल तर जपानी गेमही रंगीत दिसतो. भाचा मात्र धबधब्यापाशी आला आणि म्हणाला, "मामा, हे तर उभे पट्टे आहेत." त्याला पारदर्शक पाणी हवं होतं. तो परत शारजाच्या टीव्हीकडे गेला.

पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग. ट्यूब गेली का?

शेजारी स्पीकर आहे का ते बघा आणि हलवा. टीव्ही चालू करताना आतली गुंडाळी काही क्षण ट्यूबमधलं चुंबकत्व पुसते, पण ती थंड असेल तरच. रिमोटने बंद करून भागत नाही. मुख्य बटण बंद करून अर्धा तास थांबा, मग चालू करा. डाग एकदम जात नाही, दोन-तीनदा करा.

पावसात टीव्ही चालू केला की चरचर आवाज आणि कसलासा वास.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, किनाऱ्याकडे खारटही. ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि धुळीवर ओल धरली की तो तिथून गळतो. बंद करा. तास-दोन तास खोली कोरडी करून पुन्हा लावून बघा. तरीही चरचर राहिली तर मेकॅनिकला बोलवा. पाठ स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये दाब उरतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर टीव्ही लावून ठेवला तर ओल फारशी साठत नाही. आमच्याकडे ते काम रविवारी दुपारी होतं, गेमसकट.

बंदुकीचा गेम नव्या टीव्हीवर लागत नाही. डब्यावर लागेल?

लागेल. बंदूक ट्यूबवरचा उजेड नेमक्या क्षणी शोधते, आणि नवा टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो. आरएफ, एव्ही, काहीही चालेल. पडद्याचा उजेड मात्र वाढवून ठेवा.